क्रियापदापासून मोजताना

जर्मन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या काही महिन्यांतच एक मंत्र मिळतो: टेकामोलो. टेम्पोराल, काउझाल, मोडाल, लोकाल. म्हणजे वाक्यात आधी 'केव्हा' सांगायचं, मग 'का', मग 'कसं' आणि शेवटी 'कुठे'. मी पुण्यात जर्मन शिकवते आणि कितीतरी वर्षं हा मंत्र मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत आले. तो जर्मन वाक्यरचनेचा कायदाच आहे, असं मला मनापासून वाटत होतं. आज तसं वाटत नाही. मी तो शिकवणं पूर्ण सोडलेलं नाही, पण त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांवरचा, 'मो' आधी आणि 'लो' नंतर यावरचा, माझा विश्वास गेला आहे. तो का गेला आणि त्या जागी काय आलं, ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

आधी रचना समजून घेऊ. जर्मन वाक्यात क्रियापदाचे दोन भाग झाले, की एक भाग दुसऱ्या क्रमांकावर बसतो आणि दुसरा थेट वाक्याच्या शेवटी जातो. 'इश बिन गेस्टर्न मिट डेम बुस इन डी श्टाट गेफारेन', म्हणजे 'मी काल बसने शहरात गेले'. इथे 'बिन' पुढे आहे, 'गेफारेन' शेवटी आहे, आणि या दोघांच्या कंसात बाकी सगळं सापडलं आहे: काल, बसने, शहरात. कंसातल्या या जागेला मिटलफेल्ड म्हणतात, मधलं मैदान. टेकामोलो हा या मैदानातल्या रांगेचा नियम. पाऊस पडत असल्यामुळे बसने गेले असेन, तर 'वेगेन डेस रेगेन्स' हे कारण 'गेस्टर्न' आणि 'मिट डेम बुस' यांच्या मध्ये येतं. काल, पावसामुळे, बसने, शहरात. चारही खण भरले आणि वाक्य सुरेख उतरलं. पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं बहुतेक अशीच असतात. कोणी बसने शहरात जातो, कोणी गाडीने म्युनिकला, कोणी सायकलवरून शाळेत.

या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती मला फार उशिरा दिसली: सगळीकडे कोणीतरी कुठेतरी जातं आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने प्रवासवर्णनात लिहिलं होतं: 'इश हाबे गेस्टर्न श्लेश्ट इम होटेल गेश्लाफेन'. काल, वाईट, हॉटेलात, झोपलो. टेकामोलोच्या हिशेबाने वाक्य चोख होतं. 'गेस्टर्न' हा काळ, 'श्लेश्ट' ही रीत, 'इम होटेल' हे ठिकाण. मी त्यावर बरोबरची खूण केली होती. आमच्याकडे काही काळ शिकवायला आलेल्या एका जर्मन बाईंनी ती वही सहज चाळली आणि पेन्सिलीने एक बाण काढून 'श्लेश्ट' उचलून 'गेश्लाफेन'च्या शेजारी नेऊन ठेवलं. 'इश हाबे गेस्टर्न इम होटेल श्लेश्ट गेश्लाफेन'. मी म्हटलं, "पण मॅडम, रीत आधी आणि ठिकाण नंतर, नाही का?" त्या म्हणाल्या, "हो, नियम तसाच आहे. पण असं कोणी म्हणत नाही."

तोवर अशा प्रसंगी माझं उत्तर ठरलेलं असे: अपवाद. भाषेत अपवाद असतातच. पण घरी जाऊन मी स्वतः वाक्यं रचत बसले, तेव्हा अपवादांची रांग थांबेना. 'आम्ही व्हिएन्नात छान जेवलो' हे जर्मनमध्ये 'वीर हाबेन इन वीन गूट गेगेसेन' असंच म्हणतात. 'गूट' आधी आणि 'इन वीन' नंतर ठेवलं, की ऐकणारा जर्मन माणूस क्षणभर अडखळतो. अर्थ कळतो, पण जणू कोणी शब्द चुकीच्या खुर्चीत बसवला आहे. झोपणं, जेवणं, गाणं, काम करणं, वाट पाहणं अशी क्रियापदं घेतली, की ठिकाण पुढे सरकतं आणि रीत क्रियापदाला चिकटते. काहींच्या बाबतीत दोन्ही क्रम चालतात. 'तो ग्रंथालयात एकाग्रतेने काम करत होता' हे जर्मनमध्ये उलटसुलट करून पाहिलं, तर दोन्ही वाक्यं तुम्हाला ऐकू येतील. पण टेकामोलोने सांगितलेला क्रम एकमेव नाही, आणि 'झोपलो', 'जेवलो' यांसारख्या वाक्यांत तर तो नैसर्गिकही नाही. नियमाचे अपवाद एकाच प्रकारच्या क्रियापदांपाशी गर्दी करू लागले, की दोष अपवादांचा नसतो, नियम चुकीच्या जागी कापलेला असतो.

तो कुठे कापायला हवा होता, हे मला एका फुलदाणीने दाखवलं. जर्मनमध्ये काही शब्दयोगी अव्ययं अशी आहेत, ज्यांच्यापुढे कधी एक विभक्ती येते आणि कधी दुसरी. 'टेबलावर' म्हणताना हालचाल असेल, वस्तू तिकडे जात असेल, तर 'आउफ डेन टिश'. वस्तू तिथेच असेल किंवा क्रिया तिथेच घडत असेल, तर 'आउफ डेम टिश'. हा 'कुठे' आणि 'कुणीकडे' यातला फरक, 'वो' आणि 'वोहिन' यातला फरक, आम्ही विभक्तीच्या धड्यात घोटून घेतो. पण तो विभक्तीपुरताच मानून पुढे जातो. वास्तविक तोच फरक बहुतेक वेळा शब्दक्रमही ठरवतो. 'झी हाट डी वाझे फोरझिश्टिश आउफ डेन टिश गेश्टेल्ट': तिने फुलदाणी जपून टेबलावर ठेवली. इथे 'जपून' आधी आणि 'टेबलावर' नंतर, कारण ठेवणं ही क्रिया ठिकाणाशिवाय पुरी होत नाही. 'तिने फुलदाणी जपून ठेवली' एवढंच म्हटलं, तर कुठे ठेवली हा प्रश्न लटकत राहतो आणि जर्मन 'श्टेलन' या क्रियापदाला तो सहनच होत नाही. म्हणून ठिकाण क्रियापदाचा हात धरून उभं राहतं आणि बाकी कोणालाही मध्ये येऊ देत नाही. बसने शहरात जाणं याच जातीचं आहे. 'जाणे'ला 'कुठे' हवं असतं.

झोपेला मात्र ठिकाणाची गरज नाही. 'मी वाईट झोपले' हे पूर्ण वाक्य आहे. 'हॉटेलात' ही त्या सगळ्या प्रसंगाभोवतीची चौकट आहे, झोपण्याचा भाग नाही. म्हणून ते वाक्य पुरं झाल्यावर बाहेरच्या बाजूला, म्हणजे क्रियापदापासून दूर, उभं राहतं. 'वाईट' मात्र झोपेबद्दलच सांगतं, त्यामुळे ते झोपेला बिलगतं.

इथेच 'वो' असूनही क्रियापदाला चिकटणारी ठिकाणंही जागेवर बसतात. 'डी वाझे श्टेट झाइट गेस्टर्न लेअर आउफ डेम टिश': फुलदाणी कालपासून रिकामी टेबलावर आहे. हालचाल नाही, विभक्ती 'डेम'ची आहे, तरी 'टेबलावर' शेवटी आलं. कारण 'श्टेन', म्हणजे उभं असणं, या क्रियापदाला या अर्थाने ठिकाण लागतंच. राहण्याचंही तसंच. 'एर वोन्ट झाइट यारेन आलाइन इन क्योल्न': तो कित्येक वर्षं एकटा कोलोनमध्ये राहतो. 'इन क्योल्न' काढून टाकलं, तर 'तो एकटा राहतो' असं काहीतरी उरतं खरं, पण ते वेगळ्याच गोष्टीबद्दलचं विधान होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना आता विभक्तीपेक्षा एक साधी कसोटी देते. ठिकाण खोडून पाहा. वाक्य लंगडं झालं, तर ठिकाण क्रियापदाच्या अगदी शेजारी. वाक्य चालत राहिलं, तर ठिकाण रीतीच्या आधी जाऊ शकतं, आणि बहुतेक वेळा तेच जास्त बरं वाटतं.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. ओटो बेहागेल यांनी 1932 सालीच आपल्या जर्मन वाक्यविचाराच्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं, की मनात जे एकमेकांशी घट्ट बांधलेलं असतं ते वाक्यातही जवळजवळ ठेवलं जातं. वेर्नर फ्राय आणि कारिन पिटनर या दोन भाषाशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये मिटलफेल्डमधल्या क्रियाविशेषणांवर जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी क्रियाविशेषणांची वाटणी 'केव्हा-का-कसं-कुठे' या प्रश्नांवर केलेली नाही. ते क्रियाविशेषण नेमकं कशाला लागतं आहे, यावर केली आहे: पूर्ण विधानाला, घडलेल्या प्रसंगाला, की क्रियेच्या चालीला. चालीला लागणारी, म्हणजे रीतीची, सगळ्यांत आत. प्रसंगाला लागणारी ठिकाणं त्यांच्याही बाहेर. हॉटेल आणि वाईट झोप यांचा क्रम त्यात सरळ बसतो. असे निबंध असतात हे मला माहीत होतं. पण भाषाशास्त्र आणि भाषावर्ग हे दोन वेगळे प्रांत आहेत, असं मी धरून चालले होते. पेन्सिलीच्या त्या एका बाणानंतर मी ते वाचायला घेतले.

वाचताना माझ्या मनात जो बदल झाला, तो एका वाक्यात सांगता येईल: मी मिटलफेल्ड पुढून मोजत होते, ते शेवटाकडून मोजायला हवं. 'केव्हा' पहिलं, 'का' दुसरं असा क्रम लावण्यापेक्षा क्रियापदापासून निघावं आणि त्याला सगळ्यांत जवळचं काय आहे ते विचारावं. मग त्याच्या बाहेर काय, आणि त्याच्याही बाहेर काय. काळ पहिला येतो तो काळाला काही मान आहे म्हणून नाही, तो क्रियापदापासून सगळ्यांत लांब असतो म्हणून.

पण क्रियापद तर दुसऱ्या क्रमांकावर असतं, मग शेवटाकडून मोजायचं कसं? 'इश फारे मॉर्गेन मिट डेम बुस इन डी श्टाट' यात 'फारे' पुढेच आहे आणि शेवटी कोणी नाही. इथे 'वाइल', म्हणजे 'कारण', लावून वाक्य दुय्यम करायचं. लगेच क्रियापद आपल्या मूळ घरी जातं: 'वाइल इश मॉर्गेन मिट डेम बुस इन डी श्टाट फारे'. 'इन डी श्टाट' आणि 'फारे' एकमेकांना टेकले. मुख्य वाक्यात क्रियापद पुढे पळालेलं असतं, पण त्याची रिकामी खुर्ची शेवटीच राहते, आणि बाकीचे शब्द त्या खुर्चीकडे बघूनच रांग लावतात.

आता हेच वाक्य मराठीत म्हणून पाहा. कारण मी उद्या बसने शहरात जाते. उद्या, बसने, शहरात, जाते. शब्दामागून शब्द तोच क्रम. आणि हॉटेलचं वाक्य? 'काल मी हॉटेलात नीट झोपले नाही.' हॉटेलात आधी, नीट नंतर. 'आम्ही व्हिएन्नात छान जेवलो.' कोणी 'आम्ही छान व्हिएन्नात जेवलो' म्हणेल का? आणि फुलदाणी? 'तिने फुलदाणी जपून टेबलावर ठेवली.' जिथे जर्मन ठिकाण आत ओढते, तिथे मराठीही ओढते. जिथे जर्मन बाहेर ढकलते, तिथे मराठीही ढकलते. दोन्ही भाषांत क्रियापदाचं घर वाक्याच्या शेवटी आहे, म्हणून त्याच्याभोवतीची रांगही सारखी पडते.

माझं मत बदलण्यातला सगळ्यांत खोल भाग हा आहे. वर्गात मी सुरुवातीपासून एकच सांगत आले होते: मराठीत विचार करू नका. आपल्याकडची जर्मनची पुस्तकं बहुधा इंग्रजीतून समजावतात, आणि 'काळ, रीत, ठिकाण' हा मंत्र इंग्रजीभाषकांना फार उपयोगी आहे, कारण त्यांच्या भाषेत क्रियापद पुढे असल्यामुळे रांग उलटी पडते: जाते, शहरात, बसने, उद्या. त्यांना आरशात बघून चालायला शिकवायचं असतं, म्हणून त्यांना नियम लागतो. मराठी मुलाला तो आरसा हातात देण्याची गरजच नव्हती. त्याच्या कानात बरोबर रांग आधीपासून होती. आम्ही इंग्रजीच्या वाटेने त्याला जर्मनकडे नेलं आणि वाटेत त्याचा कान काढून घेतला. हॉटेलातलं वाक्य लिहिणाऱ्या त्या मुलाने मराठीत विचार केला असता, तर बाणाची वेळ आली नसती.

मराठीची साथ आणखी एका ठिकाणी मिळते, जिथे टेकामोलो काहीच बोलत नाही: कर्म कुठे ठेवायचं. 'मी काल ग्रंथालयात पुस्तक वाचलं' आणि 'मी ते पुस्तक काल ग्रंथालयात वाचलं'. कुठलं तरी पुस्तक असेल, तर ते क्रियापदाजवळ. दोघांना माहीत असलेलं, 'ते' पुस्तक असेल, तर ते पुढे सरकतं. जर्मनमध्येही अगदी असंच होतं. 'आइन बूख' ग्रंथालयानंतर येतं आणि 'डास बूख' कालच्याही आधी जाऊ शकतं. हे मी पूर्वी आणखी एक नियम म्हणून शिकवायचे. आता दोन मराठी वाक्यं मोठ्याने म्हणायला लावते आणि मग जर्मन लिहायला सांगते.

एक वाक्य मी अलीकडे प्रत्येक वर्गात घेते, कारण त्यात सगळे ताण एकत्र दिसतात. मुलांना सांगते: काल, हॉटेल, गोंगाट, वाईट झोप, यांचं एक वाक्य करा. टेकामोलो पाठ केलेली मुलं 'गेस्टर्न वेगेन डेस लेर्म्स श्लेश्ट इम होटेल' असं लिहितात. त्यांना 'गेश्लाफेन'पासून मागे यायला सांगितलं, की 'श्लेश्ट' लगेच आत येतं. मग उरतात काल, गोंगाटामुळे आणि हॉटेलात. बहुतेक जण लिहितात: 'इश हाबे गेस्टर्न वेगेन डेस लेर्म्स इम होटेल श्लेश्ट गेश्लाफेन'. वाक्य अस्सल जर्मन आहे, पण त्याचा अर्थ काय लागला? 'इम होटेल' आता 'लेर्म्स'च्या शेजारी आहे, आणि शेजारी असल्यामुळे ते त्यालाच चिकटतं. वाचणारा वाचतो: हॉटेलातल्या गोंगाटामुळे. झोप हॉटेलात झाली की आणखी कुठे, हे आता वाक्य सांगत नाही. गोंगाट रस्त्यावरचा असेल, तर वाक्य चक्क दिशाभूल करतं. मराठीत हा घोळ होत नाही, कारण 'हॉटेलातल्या' आणि 'हॉटेलात' ही दोन वेगळी रूपं आपल्यापाशी आहेत. जर्मनमध्ये दोन्हीसाठी 'इम होटेल' एकच. म्हणून लिहिणारा शहाणा माणूस ठिकाण कारणाच्याही पुढे काढतो: 'इश हाबे गेस्टर्न इम होटेल वेगेन डेस लेर्म्स श्लेश्ट गेश्लाफेन'. काल, हॉटेलात, गोंगाटामुळे, वाईट, झोपले. टेकामोलोतलं 'लो' थेट दुसऱ्या जागेवर आलं आणि वाक्य सगळ्यांत स्वच्छ झालं.

क्रियापदापासून मोजलं, की सगळेच प्रश्न सुटतात, असा दावा मी करणार नाही. रांगेवर दुसरीही एक ताकद काम करते, बातमीची. जे आधीच माहीत आहे ते पुढे आणि जे नवं आहे ते शेवटाकडे. युर्गेन लेनेर्त्स यांनी 1977 च्या पुस्तकात यासाठी एक पद्धत वापरली, तीच मी वर्गात उतरवली आहे: वाक्याआधी प्रश्न ठेवायचा. 'तू बसने कुठे गेलीस?' असं विचारलं, तर उत्तरात 'बसने शहरात' हाच क्रम चालतो. 'शहरात बसने' ठेवलं, तर उत्तर बिघडतं, कारण नवी बातमी 'शहर' आहे आणि ती आत दडपली गेली. पण प्रश्न 'तू शहरात कशाने गेलीस?' असेल, तर 'शहरात बसने' हा उलटा क्रमही 'बस'वर जोर देऊन खपून जातो. जो क्रम कुठल्याही प्रश्नाला चालतो, तो मूळ क्रम. जो काही प्रश्नांनाच चालतो, तो हलवलेला. ही कसोटी हातात असली, की 'हे चालेल का' याचं उत्तर शिक्षकाच्या तोंडाकडे न बघता काढता येतं. प्रश्न जितका नेमका, तितकी ती बरी चालते.

'टे' या अक्षराखालीही दोन वेगळी माणसं राहतात, हे मला याच कसोटीने दिसलं. 'काल' हा प्रसंगाचा काळ आहे. 'दोन तास' हा क्रियेचा विस्तार आहे. 'वीर हाबेन गेस्टर्न आम बानहोफ त्स्वाय श्टुंडेन गेवार्टेट', आम्ही काल स्टेशनवर दोन तास थांबलो. इथे 'दोन तास' स्टेशनच्या नंतर अगदी सहज बसतं, आधीही बसतं. 'काल' मात्र त्या आतल्या जागेत नेऊन ठेवलं, तर वाक्य विस्कटल्यासारखं वाटतं. आणि ज्याला आपण 'मो' म्हणतो त्यात तर सगळाच बाजार भरला आहे. बसने, भावासोबत, हळूच, आणि मुलं 'लायडर' म्हणजे 'दुर्दैवाने' यालाही त्यातच कोंबतात. 'लायडर' बोलणाऱ्याचं मत आहे, कृतीची रीत नाही. त्याची जागा बाहेरच्या टोकाला, काळाच्या आसपास.

आता मराठी जिथे साथ सोडते, ती ठिकाणं. पहिलं सर्वनाम. 'मी काल ग्रंथालयात ते वाचलं' हे मराठीत बिनधोक आहे. जर्मनमध्ये 'एस', म्हणजे 'ते', असं मध्येच ठेवता येत नाही. ते मैदानाच्या दारातच, सगळ्या क्रियाविशेषणांच्या आधी उभं राहतं: 'इश हाबे एस गेस्टर्न इन डेर बिब्लिओटेक गेलेझेन'. मराठी कान इथे नक्कीच फसवतो आणि हे घोटूनच घ्यावं लागतं. दुसरं 'नाही'. आपण नकार शेवटी टाकून मोकळे होतो. जर्मन 'निश्ट' क्रियापदाला चिकटलेल्या शब्दांच्या आधी, बरोबर उंबऱ्यावर उभं राहतं. 'इश बिन गेस्टर्न निश्ट इन डी श्टाट गेफारेन'. 'इश हाबे गेस्टर्न इम होटेल निश्ट गूट गेश्लाफेन'. या दोन वाक्यांत 'निश्ट' कुठे आहे ते पाहा. पहिल्यात ते ठिकाणाच्या आधी, दुसऱ्यात ठिकाणाच्या नंतर. शहर क्रियापदाच्या घरातलं आहे, हॉटेल अंगणातलं. मराठीत न सापडणारं हे 'निश्ट' त्यामुळे उलट सगळ्यांत चांगली कसोटी ठरतं. एखादं ठिकाण आत आहे की बाहेर, अशी शंका आली की वाक्य नकारार्थी करून जर्मन माणसाला म्हणायला लावावं. 'निश्ट' जिथे पडेल तिथे उंबरा. अर्थात 'निश्ट' एखाद्या शब्दाआधी मुद्दाम ठेवून 'हे नव्हे, ते' असं म्हणता येतं, 'काल नव्हे, आज' असं. तेव्हा ही कसोटी लागू पडत नाही. जोर न देता, साध्या सुरात म्हटलेलं वाक्यच धरावं.

माझ्या एका सहकारी बाईंना हे सगळं पटत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या पातळीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला बसने शहरात जायचं एवढंच लिहायचं असतं, त्याला क्रियापदाच्या घराअंगणाची गोष्ट कशाला? चार अक्षरांत त्याचं काम होतं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि पहिल्या पातळीवर मीही टेकामोलो सांगते, जाण्यायेण्याच्या वाक्यांपुरतं, आणि ते तेवढ्यापुरतंच आहे हेही सांगून. माझा आक्षेप पुढच्या पातळीचा आहे. दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं झोपल्याबद्दल, जेवल्याबद्दल, वाट पाहिल्याबद्दल लिहू लागतात आणि तरीही प्रत्येक ठिकाण ओढून शेवटी नेतात. त्यांची वाक्यं व्याकरणात चुकत नाहीत, म्हणून गुण कापले जात नाहीत, आणि गुण कापले जात नाहीत म्हणून कोणी सांगत नाही. अशा वहीत मी आता चूक म्हणून खूण करत नाही, बरोबर म्हणूनही करत नाही. ठिकाणाखाली रेघ ओढते आणि समासात 'वाइल' एवढंच लिहिते. मुलाने वाक्य दुय्यम करून, क्रियापद घरी पाठवून, पुन्हा लिहून आणायचं, आणि खाली तेच वाक्य मराठीत.